किंमत चुकीची गेली? दुरुस्तीची पोस्ट लिहिण्याआधी, लिहिताना आणि नंतर

घरगुती उपकरणांच्या ऑनलाइन दुकानात किंमत दोन प्रकारे चुकते. पहिल्या प्रकारात एखादं शून्य गळतं आणि ४२,९९० चा फ्रिज ४,२९९ ला दिसू लागतो. दुसऱ्या प्रकारात एका मॉडेलची किंमत शेजारच्या मॉडेलपुढे पडते आणि ९ किलोचं वॉशिंग मशीन ७ किलोच्या भावात विकलं जातं. पहिली चूक पाहणाऱ्याला हसू येतं. दुसरी चूक चूक वाटतच नाही, सणासुदीची ऑफर वाटते, आणि म्हणून तीच जास्त महाग पडते. इथे दुसऱ्या प्रकाराची दुरुस्ती सविस्तर घेतली आहे. पहिल्या प्रकारात काय बदलतं ते ओघात येईल.

एक उदाहरण शेवटपर्यंत धरून चालू. ९ किलोच्या फ्रंट लोड मशीनची खरी किंमत ४२,९९० आणि ७ किलोच्या मशीनची ३१,४९०. किमतींची फाइल चढवताना ९ किलोच्या ओळीत ३१,४९० गेले. साइटवर ही किंमत शनिवारी सकाळी १०.०५ पासून दिसत होती, १०.३० ला सोशल मीडियावर पोस्ट पडली, ११ वाजता ई-मेल गेला, आणि दुपारी १.४० ला चूक ध्यानात आली. तोवर २३ ऑर्डर आल्या होत्या. त्यातल्या २२ एकेका मशीनच्या होत्या आणि एक ऑर्डर ६ मशीनची होती. एकूण २८ मशीन.

आधी विक्री थांबवा, पान उडवू नका

घाबरून केलेली पहिली गोष्ट बहुधा चुकीची असते: उत्पादनाचं पानच काढून टाकलं जातं. ज्यांनी पैसे भरले आहेत ते ऑर्डरच्या मेलमधल्या लिंकवर जातात, तिथे "पान सापडलं नाही" असं दिसतं, आणि त्यांना वाटतं दुकान फसवं होतं. पान राहू द्या, फक्त "सध्या उपलब्ध नाही" अशी स्थिती करा. किंमत नंतर बदला. दोन्ही एकदम करताना घाईत पुन्हा चूक होते.

किंमत बदलण्याआधी पुरावा जपा. चुकीच्या किमतीच्या पानाचा, ई-मेलचा आणि प्रत्येक पोस्टचा स्क्रीनशॉट घ्या आणि त्या काळातल्या ऑर्डरची यादी वेळेसकट बाहेर काढा. पुढे कोणी म्हणालं की "मी पाहिलं तेव्हा डिलिव्हरीही फुकट लिहिली होती", तर पडताळायला तेवढंच हाती असतं.

मग तीन ठिकाणं तपासा, कारण किंमत तिथे लपून बसते. पहिलं म्हणजे कार्ट: काही दुकानांच्या सॉफ्टवेअरमध्ये वस्तू कार्टमध्ये टाकतानाची किंमतच टिकून राहते. १.३० ला मशीन कार्टमध्ये टाकणारा ग्राहक रात्री ९ ला जुन्याच भावात पैसे भरू शकतो. दुसरं म्हणजे साइटची कॅश, म्हणजे पान लवकर उघडावं म्हणून साठवलेली जुनी प्रत: तुमच्या स्क्रीनवर नवी किंमत दिसते आणि ग्राहकाच्या फोनवर जुनी. लॉगिन न करता, दुसऱ्या नेटवर्कवरून पान उघडून पाहा. तिसरं म्हणजे सर्च इंजिनला आणि भाव तुलना करणाऱ्या साइटना जाणारं फीड, आणि पानाच्या कोडमधलं `price` हे फील्ड. पानावर ४२,९९० आणि फीडमध्ये ३१,४९० असं राहिलं तर शोधाच्या निकालात जुनाच भाव झळकत राहतो आणि दुरुस्तीची पोस्ट खोटी पडते.

शेजारच्या मॉडेलकडेही बघा. फाइलमध्ये दोन ओळींची अदलाबदल झाली असेल तर ७ किलोचं मशीन कोणीतरी ४२,९९० ला घेतलेलं असू शकतं. तसं असेल तर फरकाचे पैसे न मागता परत करा आणि तेही पोस्टमध्ये लिहा. स्वतःच्या तोट्याची चूक चार तासांत दुरुस्त करायची आणि ग्राहकाच्या तोट्याची तशीच ठेवायची, हे लोकांच्या लगेच लक्षात येतं.

निर्णय झाल्याशिवाय पोस्ट नको

"किंमत चुकली होती, क्षमस्व, लवकरच कळवू" ही पोस्ट न टाकलेली बरी. वाचणाऱ्याचा प्रश्न एकच असतो: माझ्या ऑर्डरचं काय? त्याचं उत्तर नसलेली पोस्ट फक्त गर्दी जमवते. म्हणून आधी ऑर्डरींचा निकाल लावायचा, आणि त्यासाठी दोन गोष्टी पाहायच्या.

पहिली गोष्ट, तुमच्या आपोआप जाणाऱ्या मेलमध्ये नेमकं काय लिहिलं आहे. बऱ्याच देशांच्या कायद्यात दुकानातली किंमत म्हणजे फक्त निमंत्रण मानलं जातं, ग्राहकाची ऑर्डर हा प्रस्ताव, आणि दुकानाने तो स्वीकारला की करार होतो. स्वीकार कधी झाला हे मुख्यतः तुमच्या अटी आणि तुमचे मेल ठरवतात. "तुमची ऑर्डर मिळाली, माल निघाल्यावर कळवू" आणि "अभिनंदन, तुमची खरेदी निश्चित झाली" यांत मोठा फरक आहे. ग्राहक संरक्षणाचे नियम देशागणिक बदलतात, तेव्हा रद्द करायचा विचार असेल तर पोस्टच्या आधी वकिलाला फोन करा, नंतर नाही.

दुसरी गोष्ट, किंमत चुकीची आहे हे ग्राहकाला कळण्यासारखं होतं का. सिंगापूरमधल्या एका ऑनलाइन दुकानाने २००३ मध्ये ३,८५४ डॉलरचा लेझर प्रिंटर चुकून ६६ डॉलरला लावला. खरेदीचे मेल आपोआप गेलेले होते, तरीही न्यायालयाने २००४ मध्ये दुकानाच्या बाजूने निकाल दिला आणि अपिलातही तो टिकला. कारण शेकड्यांनी प्रिंटर मागवणाऱ्या त्या ग्राहकांना ही चूक आहे याची जाणीव होती, असं न्यायालयाला आढळलं. शून्य गळलेल्या फ्रिजच्या बाबतीत असा युक्तिवाद करता येतो. ४२,९९० चं मशीन ३१,४९० ला दिसलं तर मात्र तो टिकणं अवघड. एवढी सूट दुकानं रोज देतात. ग्राहकाने प्रामाणिकपणे घेतलं, असंच धरून चालावं लागतं.

आता हिशेब. प्रत्येक मशीनमागे फरक ११,५०० चा. २८ ही मशीन त्या भावात दिली तर ३,२२,००० चा फटका बसतो. एका घरी एकच दिलं तर २३ मशीन, म्हणजे २,६४,५००. या आकड्याशेजारी रद्द करण्याचा खर्च मांडा: पैसे परत करताना बुडणारं पेमेंट गेटवेचं शुल्क, वाटेत असलेल्या मशीनचा परतीचा वाहतूक खर्च, आणि कूपन देणार असाल तर त्याची रक्कम. उपकरणांच्या धंद्यात आणखी एक खर्च असतो जो कागदावर दिसत नाही. नवं मशीन येणार म्हणून काही ग्राहकांनी जुनं विकून टाकलेलं असतं, किंवा एक्सचेंजमध्ये तुमच्याच माणसाने ते उचलून नेलेलं असतं. अशा ग्राहकाची ऑर्डर रद्द करणं म्हणजे घर कपडे धुण्यावाचून सोडणं. एक्सचेंज उचललेल्या ऑर्डर वेगळ्या काढा आणि काहीही ठरलं तरी त्या पुऱ्या करा.

आपल्या उदाहरणात निर्णय असा: दुपारी १.४० च्या आधी आलेल्या सर्व ऑर्डर जाहिरात झालेल्या भावातच पुऱ्या करायच्या, पण एका पत्त्यावर एक मशीन. सहा मशीनच्या ऑर्डरमधलं एक जाईल, पाचांचे पैसे परत. "एका पत्त्यावर एक" ही अट तुमच्या विक्रीच्या अटींमध्ये आधीपासून असेल तर काम सोपं आहे. नसेल तर त्या एका ग्राहकाशी आधी फोनवर बोलून घ्या, पोस्टमधून त्याला कळू देऊ नका.

वेळेची सीमा ठरवताना एक बारकावा हमखास राहून जातो. १.३८ ला पेमेंट सुरू केलं आणि बँकेने १.४४ ला पूर्ण केलं, अशी ऑर्डर कुठे टाकायची? पेमेंट सुरू झाल्याची वेळ धरा. दोन-तीन ऑर्डरींचाच प्रश्न असतो, पण उलट नियम लावलात तर सगळ्यात जास्त भांडण त्याच दोन-तीनांशी होतं.

साठाही मोजा. गोदामात ९ किलोची १९ मशीन असतील तर शेवटच्या चौघांना थांबावं लागणार. ती तारीख पुरवठादाराकडून घेऊन मगच लिहायला बसा.

आधी ग्राहकाला, मग जगाला

२३ जणांना वैयक्तिक मेसेज सार्वजनिक पोस्टच्या किमान अर्धा तास आधी जायला हवा. स्वतःच्या ऑर्डरची बातमी दुसऱ्याच्या शेअरमधून कळणं फार वाईट. मेसेज छोटा असावा आणि पहिल्याच वाक्यात निकाल असावा:

> नमस्कार, तुम्ही शनिवारी मागवलेलं ९ किलोचं वॉशिंग मशीन (ऑर्डर क्रमांक …) तुम्ही भरलेल्या ३१,४९० या किमतीतच मिळेल. ही किंमत आमच्या चुकीने लागली होती, पण तुमच्या ऑर्डरवर त्याचा परिणाम नाही. डिलिव्हरी बुधवारी १८ तारखेला, इन्स्टॉलेशन गुरुवारी १९ ला. तुम्हाला काहीही करायची गरज नाही.

शेवटचं वाक्य गाळू नका. ते नसलं की निम्मे लोक "मग मी आता काय करू?" असा फोन करतात.

ज्यांचे पैसे परत जाणार आहेत त्यांच्या मेसेजमध्ये रक्कम फोडून लिहा: मशीन, डिलिव्हरी, वाढीव वॉरंटी, स्टँड. वाढीव वॉरंटी अनेकदा वेगळी वस्तू म्हणून विकलेली असते आणि मशीन रद्द झालं तरी ती तशीच राहते. महिन्याभराने ग्राहक बिल पाहतो तेव्हा दुसरा वाद उभा राहतो. हप्त्यांवर घेतलेल्या ऑर्डरमध्ये रद्द करण्याची सूचना कर्ज देणाऱ्या संस्थेलाही जावी लागते आणि प्रक्रिया शुल्क आपोआप परत येईलच असं नाही. ते कोण सोसणार हे आधी ठरवा. माझ्या मते ते दुकानानेच सोसायचं असतं.

पैसे परत करण्याआधी गेटवेमध्ये पाहा की रक्कम फक्त अडवून ठेवली आहे की तुमच्या खात्यावर वळती झाली आहे. नुसती अडवलेली असेल तर रिफंड न करता व्यवहारच रद्द करा, ग्राहकाचे पैसे सहसा लवकर मोकळे होतात. मेसेजमध्ये "पैसे मंगळवारपर्यंत मिळतील" असं वचन देऊ नका, कारण शेवटचा टप्पा बँकेच्या हातात असतो. "आम्ही सोमवारी १६ तारखेला रक्कम परत पाठवली, तुमच्या बँकेत दिसायला काही कामाचे दिवस लागू शकतात" एवढंच खरं असतं.

पोस्टचा मजकूर

आता मुख्य पोस्ट. या उदाहरणासाठी ती अशी:

> दुरुस्ती: ९ किलो फ्रंट लोड वॉशिंग मशीनची किंमत
>
> शनिवारी १४ तारखेला सकाळी १०.०५ ते दुपारी १.४० या वेळात आमच्या साइटवर, ई-मेलमध्ये आणि इथल्या पोस्टमध्ये या मशीनची (मॉडेल क्रमांक …) किंमत ३१,४९० अशी दिली गेली. ती ७ किलोच्या मशीनची किंमत आहे. ९ किलोच्या मशीनची बरोबर किंमत ४२,९९० आहे.
>
> या वेळात ऑर्डर केलेल्या ग्राहकांना मशीन ३१,४९० लाच मिळेल, एका पत्त्यावर एक. सर्वांना मेसेज पाठवला आहे. त्यांना काहीही करायची गरज नाही. एकाहून जास्त मशीनसाठी भरलेले पैसे त्याच खात्यात परत जातील.
>
> १.४० नंतरच्या ऑर्डरसाठी ४२,९९० हीच किंमत लागू आहे. ७ किलोच्या मशीनची किंमत बरोबर होती, त्यात बदल नाही.
>
> किमतींची फाइल चढवताना आमच्याकडून एक ओळ चुकली. त्याबद्दल माफी मागतो. शंका असल्यास साइटवरच्या "माझ्या ऑर्डर" मधून लिहा. रिफंडसाठी आम्ही कोणाकडूनही ओटीपी किंवा कार्डचा नंबर मागत नाही.

काही निवडी मुद्दाम केल्या आहेत. पहिला शब्द "दुरुस्ती" आहे, "महत्त्वाची सूचना" नाही, कारण सूचना कोणी वाचत नाही. "आज" आणि "काल" टाळून दिवस, तारीख, वेळ दिली आहे, कारण पोस्टचा स्क्रीनशॉट चार दिवसांनीही फिरत असतो. मॉडेल क्रमांक पूर्ण हवा. उपकरणांमध्ये शेवटचं एक अक्षर रंग किंवा वर्ष दाखवतं आणि तेवढ्यावरून ग्राहक "माझं मॉडेल वेगळं आहे" असं म्हणू शकतो.

चुकीची किंमत लपवलेली नाही. ज्याच्या हातात ३१,४९० चा स्क्रीनशॉट आहे त्याला ही पोस्ट त्याच्याबद्दल आहे हे कळायला तोच आकडा दिसावा लागतो. पण तो मजकुरातच असू द्या. पोस्टसोबत चित्र टाकणार असाल तर त्यात फक्त बरोबर किंमत ठेवा, आणि कोणताही आकडा काट मारून दाखवू नका. काट मारलेला आकडा आणि शेजारी दुसरा आकडा, हे दृश्य ग्राहकाच्या डोळ्याला सवलत म्हणूनच ओळखीचं आहे. दुरुस्तीच्या पोस्टवरून नवी ऑफर लागल्याचा गैरसमज होतो. ऑफरच्या पोस्टचे भडक रंग आणि टेम्पलेटही वापरू नका.

कारण एका ओळीत आणि खरं. "तांत्रिक बिघाडामुळे" हे शब्द आता इतके झिजले आहेत की त्यांवर कोणी विश्वास ठेवत नाही. कोणत्या कर्मचाऱ्याकडून चूक झाली हेही लिहू नका, वाचणाऱ्याचा त्याच्याशी संबंध नाही. "झालेल्या गैरसोयीबद्दल" या शब्दांनी माफी गुळगुळीत होते. चूक नावाने घ्या आणि पुढे चला.

शून्य गळलेल्या फ्रिजची पोस्ट याच सांगाड्यावर उभी राहते, फक्त दुसरा परिच्छेद बदलतो. "या किमतीत आलेल्या सर्व ऑर्डर आम्ही रद्द करत आहोत. भरलेली पूर्ण रक्कम, डिलिव्हरी आणि वॉरंटीसह, सोमवारी १६ तारखेला त्याच खात्यात परत पाठवू." इथे "ग्राहकांना कळायलाच हवं होतं" असं सुचवणारं एक अक्षरही नको. कायद्यात तो मुद्दा तुमचा असला, तरी पोस्टमध्ये तो टोमणा होतो. भरपाईचं कूपन द्यायचं असेल तर ते वैयक्तिक मेसेजमध्ये द्या. सार्वजनिक पोस्टमध्ये टाकलं की चर्चा माफीवरून कूपनच्या रकमेवर घसरते.

प्रसिद्ध करण्याआधी मजकूर दोघांनी तपासा. एकाने पोस्टमधले आकडे मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने बिलिंगच्या सिस्टिममधून ताडून पाहायचे, मार्केटिंगच्या फाइलमधून नाही, कारण चूक तिथूनच आली होती. कर धरून की सोडून, इन्स्टॉलेशनसह की वेगळं, हे साइटवर जसं आहे तसंच पोस्टमध्ये हवं. दुरुस्तीची दुरुस्ती करावी लागली तर तिसऱ्या आकड्यावर कोणाचाच विश्वास उरत नाही.

कुठे टाकायची आणि जुन्या पोस्टचं काय करायचं

चूक जिथे जिथे गेली तिथे तिथे दुरुस्ती जायला हवी, आणि जिथे गेलीच नाही तिथे जायला नको. ई-मेल ज्या यादीला गेला त्याच यादीला दुसरा मेल पाठवा, विषयाच्या ओळीत "दुरुस्ती" आणि मशीनचं नाव ठेवा. गेलेला मेल परत बोलावता येत नाही. मात्र मेलमधलं चित्र तुमच्या सर्व्हरवरून उघडत असेल तर त्याच पत्त्यावर नवं चित्र ठेवता येतं. उशिरा मेल उघडणाऱ्यांतल्या बऱ्याच जणांना मग बरोबर किंमत दिसते.

फेसबुकवर जुन्या पोस्टचा मजकूर बदलता येतो, तेव्हा अगदी वर "दुरुस्ती:" लिहून नवी किंमत द्या आणि पोस्ट राहू द्या. इन्स्टाग्रामवर ओळी बदलता येतात, पण टाकलेलं चित्र बदलता येत नाही. किंमत चित्रातच असेल तर आधी दुरुस्तीची पोस्ट टाका, मग जुनी अर्काइव्ह करा आणि "किंमत चुकीची असलेलं चित्र काढलं आहे" असं नव्या पोस्टमध्ये सांगा. गुपचूप काढलेल्या पोस्टचा स्क्रीनशॉट कुठेतरी असतोच. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मेसेज फक्त १५ मिनिटांत बदलता येतो. सगळ्यांकडून काढून टाकायला त्याहून बराच जास्त वेळ मिळतो, पण तरीही दुरुस्ती वेगळी पाठवाच.

लिंकच्या प्रिव्ह्यूमध्ये जुनी किंमत अडकून राहते, ही तक्रार हमखास येते. साइट बदलली तरी शेअर केलेल्या लिंकखाली ३१,४९० दिसत राहतात. फेसबुकच्या Sharing Debugger मध्ये पानाची लिंक टाकून `Scrape Again` दाबलं की प्रिव्ह्यू नव्याने घेतला जातो. सशुल्क जाहिराती चालू असतील तर त्या वेगळ्या थांबवाव्या लागतात. पोस्ट बदलली म्हणून जाहिरात बदलत नाही, हे घाईत विसरलं जातं आणि चुकीच्या किमतीची जाहिरात पैसे देऊन संध्याकाळपर्यंत चालू राहते.

पोस्टखालचे पहिले दोन तास

पहिले दोन तास एका माणसाने फक्त कॉमेंट सांभाळाव्यात. प्रश्न तीन-चारच असतात आणि प्रत्येकाचं उत्तर पोस्टमध्ये असतं, तरी "पोस्ट नीट वाचा" असं लिहायचं नाही. "तुमची ऑर्डर १.४० च्या आधीची असेल तर मशीन ३१,४९० लाच मिळेल, मेसेज आला नसेल तर 'माझ्या ऑर्डर' मधून लिहा" असं पूर्ण उत्तर प्रत्येक वेळी द्या. वाचणारा तेवढी एकच कॉमेंट पाहत असतो. "मला मेल उशिरा मिळाला, मलाही त्याच भावात द्या" असं म्हणणाऱ्यांसाठी उत्तर आधी ठरवा आणि सर्वांना तेच द्या. एकाला गुपचूप सवलत दिली की तासाभरात तोच स्क्रीनशॉट तुमच्या पोस्टखाली येतो.

कोणी ऑर्डर क्रमांक किंवा फोन नंबर उघड लिहिला तर ती कॉमेंट लपवा आणि त्याला खासगीत कळवा. रिफंडचा विषय निघाला की दुकानाच्या नावाची नक्कल केलेली खाती कॉमेंटमध्ये शिरतात आणि त्रासलेल्या ग्राहकांना "पैसे परत हवे असतील तर या नंबरवर फोन करा" असं सांगतात. ओटीपीची ओळ मूळ पोस्टमध्ये घातली ती यासाठी. असं खातं दिसलं की कॉमेंट काढा, तक्रार नोंदवा आणि ग्राहकाला सांगा की ते आम्ही नव्हे.

पोस्ट पिन करा आणि शेवटचं मशीन बसेपर्यंत ती खाली उतरवू नका. १९ मशीन पोहोचल्यावर एक ओळ जोडा: "१९ ग्राहकांकडे मशीन पोहोचलं, उरलेल्या ४ मशीनची डिलिव्हरी २७ तारखेला." चारही बसली आणि त्या पाच मशीनचे पैसे परत गेले की तसंही एका ओळीत लिहा, मग पिन काढा. पोस्ट मात्र तशीच राहू द्या, म्हणजे जुना स्क्रीनशॉट घेऊन येणाऱ्याला दाखवायला लिंक हाताशी राहते.